उंटाच्या मदारीत काय असते? वाळवंटी प्राण्यांवरची प्रश्नमंजुषा काढताना

चौथी-पाचवीच्या वर्गासाठी वाळवंटी प्राण्यांवर प्रश्नमंजुषा काढायला बसलो की पहिला प्रश्न बहुतेक वेळा असा सुचतो:

उंट पाणी कशात साठवतो?
अ) मदारीत  ब) पायात  क) शेपटीत  ड) कानात

लेकरं झटक्यात 'अ' लिहितात, त्यावर बरोबरची खूण होते आणि चुकीची माहिती कायमची पक्की होऊन बसते. उंटाच्या मदारीत पाणी नसते, चरबी असते. म्हणजे या प्रश्नाला बरोबर उत्तरच नाही. शिवाय शेपटी आणि कान हे पर्याय इतके लंगडे आहेत की ज्याने उंट कधी पाहिला नाही तोही मदारीवरच बोट ठेवेल. मुलाला काय येते, हे अशा प्रश्नातून कळत नाही. काढणाऱ्याच्या डोक्यात काय आहे, तेवढे मात्र कळते.

चांगला बहुपर्यायी प्रश्न काढण्यात खरी मेहनत चुकीच्या पर्यायांवर असते. मुलांच्या डोक्यात खरोखर जो गैरसमज बसलेला असतो, तोच चुकीचा पर्याय म्हणून द्यावा. मग उत्तर चुकले तरी ते कशामुळे चुकले, ते कागदावर दिसते. मदारीबद्दल मुलांचे दोन ठाम गैरसमज असतात. एक म्हणजे तिथे पाणी असते. दुसरा म्हणजे उंटाच्या पाठीचे हाडच तसे वर आलेले असते. दुसरा समज मोठ्या माणसांतही सापडतो. प्रत्यक्षात उंटाचा कणा मदारीच्या आकारात वळलेला नसतो. मदार कण्याच्या वर असते. म्हणून पहिला प्रश्न असा सुधारता येतो:

प्रश्न 1. उंटाच्या मदारीत मुख्यतः काय असते?
अ) पाणी  ब) हाड  क) चरबी

तीनच पर्याय का? कारण मुलाला खरा वाटेल असा चौथा पर्याय इथे सापडत नाही. 'हवा' किंवा 'वाळू' घालून चौथी जागा भरता येते, पण तो पर्याय कुणी निवडत नाही. मुलाला एक ओळ जास्त वाचावी लागते इतकेच. शिष्यवृत्ती परीक्षेच्या सवयीमुळे आपल्याकडे चार पर्याय हवेतच असे वाटते. वर्गातल्या चाचणीला तसे बंधन नाही. एक हिशेब मात्र लक्षात ठेवावा. तीन पर्यायांचे आठ प्रश्न डोळे मिटून सोडवले तरी सरासरी दोन ते तीन बरोबर येतात. तेव्हा आठपैकी तीन गुण मिळालेल्या मुलाला 'थोडेफार येते' असा शेरा देऊ नये.

याच प्रश्नात एक खाच आहे आणि ती मराठीतच येते. समजा प्रश्न गाळलेल्या जागेचा केला: 'उंटाच्या मदारीत ______ साठवलेली असते.' आता पर्याय वाचा: पाणी, हाड, चरबी. 'पाणी साठवलेली असते' असे कुणी म्हणत नाही. 'साठवलेली' या रूपाने उत्तर सांगून टाकले. उंटाबद्दल काही माहीत नसलेले पण मराठी घरात वाढलेले लेकरू कानानेच उत्तर देईल. आणि घरी वेगळी भाषा बोलणारे मूल उंट माहीत असूनही अडखळू शकेल. म्हणून गाळलेली जागा वाक्यात अशा ठिकाणी ठेवावी की क्रियापदाचे लिंग-वचन उत्तर फोडणार नाही, नाहीतर सरळ 'काय असते?' असे विचारावे. प्रश्न तयार झाला की प्रत्येक पर्याय जागेवर बसवून मोठ्याने वाचून पाहावा. ही चूक डोळ्याला दिसत नाही, कानाला लगेच खटकते.

पहिल्या प्रश्नाने फक्त 'चरबी' हा शब्द मुलाला आठवतो की नाही एवढेच कळते. शब्द पाठ असणे वेगळे आणि त्या चरबीचे उंटाला काय होते हे कळणे वेगळे. म्हणून लगेच पुढचा प्रश्न असा हवा, ज्याचे उत्तर पुस्तकात सरळ छापलेले नसते:

प्रश्न 2. एका उंटाला रोज पाणी मिळते, पण बरेच दिवस चारा मिळालेला नाही. त्याची मदार कशी दिसेल?
अ) पहिल्यासारखीच भरलेली, कारण पाणी मिळत आहे.
ब) लहान आणि ढिली, कारण चरबी वापरली गेली.
क) आणखी मोठी, कारण पाणी साठत गेले.

मदार म्हणजे उंटाचे साठवलेले अन्न. चारा मिळेनासा झाला की शरीर ही चरबी वापरते, मदार आकसते आणि फार उपासमार झाली तर एका बाजूला कलते. उलट बाजूचा पुरावाही आहे: उंटाचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या पाठीवर भरलेली मदार नसते. ते चरू लागले, अंगी लागू लागले की ती भरते. पाणी प्यायल्यावर मदार फुगत नाही. तहानलेला उंट दहा मिनिटांत 100 लिटरच्या आसपास पाणी पितो हे खरे आहे, पण ते पाणी मदारीत जात नाही. ते पोटातून रक्तात आणि सगळ्या अंगात पसरते. एवढे पाणी एकदम रक्तात आले तर इतर जनावरांच्या तांबड्या पेशी फुगून फुटतील. उंटाच्या तांबड्या पेशी लांबट, अंडाकृती असतात आणि खूप फुगल्या तरी टिकतात.

दुसऱ्या प्रश्नात तिन्ही पर्यायांची लांबी साधारण सारखी आहे आणि प्रत्येकाला 'कारण' जोडलेले आहे, हे पाहा. काढणारा घाईत असला की बरोबर पर्याय सविस्तर लिहितो आणि चुकीचे दोन-दोन शब्दांत उरकतो. दोन-तीन चाचण्यांत मुलांना हे उमगते, मग ती न वाचता सगळ्यांत लांब ओळ निवडतात. बरोबर उत्तराचे अक्षरही बदलते ठेवावे. आठ प्रश्नांत तीन वेळा अ, तीन वेळा ब, दोन वेळा क असे चिठ्ठ्या टाकून ठरवले की हात आपोआप 'ब'कडे वळत नाही.

आता या दोन प्रश्नांच्या उत्तरांचे काय करायचे, ते एका वर्गावर पाहू. समजा तीस मुलांचा वर्ग आहे. नुसते गुण मांडण्याऐवजी पर्यायवार गोळाबेरीज करायची. पहिल्या प्रश्नात 24 मुलांनी चरबी लिहिले, 4 जणांनी पाणी आणि दोघांनी हाड. गुरुजींना वाटेल की पाठ झाला. दुसऱ्या प्रश्नात मात्र 11 जणांनी 'ब' निवडले, 13 जणांनी 'अ' आणि 6 जणांनी 'क'. आता दोन्ही उत्तरे शेजारी ठेवायची. 'ब' निवडणाऱ्या 11 पैकी 10 जणांनी पहिल्यातही चरबी लिहिले होते. म्हणजे चरबी लिहिणाऱ्या 24 पैकी 14 मुलांना शब्द येतो, पण मदारीचा संबंध त्यांच्या मनात अजून पाण्याशीच आहे. एकटा पहिला प्रश्न विचारला असता तर ही 14 मुले दिसलीच नसती.

या मुलांना चरबीची व्याख्या पुन्हा सांगून उपयोग नाही. मराठवाड्यातल्या मुलांकडे याहून चांगला पुरावा असतो. मे महिन्यात चारा संपला की दावणीच्या गाईच्या बरगड्या मोजता येतात, हे त्यांनी पाहिलेले असते. काहींनी चारा छावणीही पाहिली असेल. त्यांना विचारावे की हौदात पाणी होते तरी गाय वाळली ती का. उत्तर त्यांच्याकडून येते: 'खायला नव्हतं सर.' मग मदारीचा प्रश्न पुन्हा टाकावा. गाईची चरबी अंगभर पसरलेली असते, उंटाची बरीचशी एका जागी पाठीवर असते, एवढा फरक तेव्हा सांगावा. एका जागी असण्याचाही फायदा आहे: अंगभर चरबीचा थर असता तर आतली उष्णता बाहेर पडायला अडली असती.

इथे गाइडमध्ये सापडणाऱ्या एका उत्तराबद्दल सावध करायला हवे. 'उंट पाण्याशिवाय बरेच दिवस कसा राहतो?' या प्रश्नाला कधी कधी 'मदारीतल्या चरबीपासून पाणी तयार होते' हे उत्तर बरोबर म्हणून दिलेले असते. त्यात अर्धे खरे आहे. एक किलो चरबी शरीरात वापरली गेली की एक लिटरहून थोडे जास्त पाणी तयार होते. पण त्यासाठी जास्त प्राणवायू लागतो, तो घ्यायला जास्त श्वास घ्यावा लागतो आणि वाळवंटाच्या कोरड्या हवेत प्रत्येक उच्छ्वासाबरोबर पाणी बाहेर जाते. जमाखर्च मांडला तर हाती फारसे काही उरत नाही, उलट तोटाच होऊ शकतो. म्हणून हा पर्याय प्राथमिकच्या प्रश्नात बरोबर म्हणून ठेवू नये आणि चूक म्हणूनही ठेवू नये. ज्या पर्यायावर जाणकार वाद घालतील, तो मुलांच्या प्रश्नपत्रिकेत नको.

मग उंट पाणी वाचवतो तरी कुठे? त्याची लघवी थोडी आणि दाट असते, लेंड्या कोरड्या असतात. पण सगळ्यांत सुंदर युक्ती आहे ती अंगाच्या तापमानाची, आणि ती प्रश्नमंजुषेत क्वचितच येते. माणसाचे अंग 37 अंश सेल्सियसच्या आसपास राहते. ऊन वाढले की आपल्याला घाम येतो आणि तो वाळताना अंग थंड होते, माठातले पाणी पाझरून गार व्हावे तसे. पण माठातले पाणी त्यात कमी होत जाते. तहानलेला उंट ही उधळपट्टी टाळतो. पहाटे त्याचे अंग 34 अंशांच्या आसपास असते आणि दुपारपर्यंत तो ते 40 अंशांच्या वर जाऊ देतो. तोवर घाम फार कमी. साठलेली उष्णता तो रात्री थंड हवेत सोडून देतो, त्यासाठी पाणी लागत नाही. पाणी भरपूर मिळणाऱ्या उंटात हाच चढउतार दोनेक अंशांचाच असतो. क्नुट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात सहारा वाळवंटात उंटांची मापे घेऊन हे दाखवून दिले.

शिक्षकांसाठी आकडेमोड सोपी आहे. उंटाचे वजन 500 किलो धरा. एक किलो अंग एक अंशाने तापायला साधारण 0.8 किलोकॅलरी लागते. सहा अंशांसाठी 500 गुणिले 0.8 गुणिले 6, म्हणजे 2400 किलोकॅलरी. एक लिटर घाम वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. भागाकार केला की चार लिटरहून थोडे जास्त येते. हे झाले एका दिवसाचे वाचलेले पाणी. मुलांना हा हिशेब द्यायचा नाही, त्यांना आकडे वाचायला द्यायचे:

प्रश्न 3. तहानलेल्या उंटाचे अंग पहाटे 34 अंश आणि दुपारी 40 अंश असते. याचा उंटाला काय फायदा होतो?
अ) घाम कमी येतो आणि पाणी वाचते.
ब) अंग गरम झाल्यामुळे भूक लागत नाही.
क) उंटाला ताप येतो आणि तो बसून राहतो.

'क' हा पर्याय मुद्दाम आहे. घरात थर्मामीटरवर 40 आले की धावपळ होते, हे मुलांना माहीत असते, म्हणून बरीच मुले 'ताप' निवडतात. या चुकीवर बोलायला हवे: तापात शरीर आजाराशी झुंजत असते, इथे उंट निरोगी आहे. घरच्या थर्मामीटरवर आकडे फॅरेनहाइटमध्ये असतील तर 40 सेल्सियस म्हणजे 104, हे फळ्यावर लिहून द्यावे. तिसरी-चौथीसाठी हा प्रश्न जड वाटला तर गाळावा. पाचवीला तो पेलतो.

प्रश्न विज्ञानाच्या दृष्टीने बरोबर असूनही चाचणी म्हणून फसू शकतो. हा प्रश्न बघा:

वाळवंटी प्राणी दिवसा कुठे असतात?
अ) बिळात  ब) झाडाच्या सावलीत  क) उघड्या उन्हात

उत्तर म्हणून 'अ' धरलेले असते. पण थरच्या वाळवंटातला चिंकारा बिळात जात नाही, दुपारी झुडपाच्या सावलीत थांबतो. उंटही तसाच. बीड-धाराशिवच्या माळरानांवर चिंकारा आहे. ज्या मुलाने तो पाहिला असेल, तो 'ब' लिहील, आणि त्याचे उत्तर खरे आहे. असा प्रश्न ओळखायची एक पद्धत आहे. सगळी चाचणी तपासून झाल्यावर एकूण गुणांप्रमाणे वरची दहा आणि खालची दहा मुले वेगळी काढावीत आणि एकेका प्रश्नाला त्या दोन गटांतून किती बरोबर आले ते मोजावे. नीट प्रश्नात वरच्या गटाचे जास्त बरोबर असतात. वरच्या गटातले चार आणि खालच्या गटातले सात असे उलटे आले तर मुलांना दोष देऊ नये. बहुधा उत्तरसूची चुकलेली असते, नाहीतर प्रश्नाला दोन उत्तरे असतात. इथे उपाय सोपा आहे, प्राण्याचे नाव घालायचे: 'वाळवंटातला उंदीर उन्हाळ्यात दुपारी कुठे असतो?' जगभरच्या प्रश्नपत्रिकांत कांगारू रॅट नावाचा प्राणी असतो, पण तो उत्तर अमेरिकेतला आहे. थरच्या वाळवंटात बिळे करणारे जर्ड उंदीर आहेत, त्यांचेच नाव घेतलेले बरे.

बिळाचा प्रश्न पाठांतराचा राहू नये म्हणून त्याआधी शाळेच्या आवारात एक मोजमाप करता येते. सकाळी ऊन चढण्याआधी मोठ्या माणसाने पहारीने एक फूट खोल, हाताएवढ्या रुंदीचे छिद्र पाडावे. काळ्या भेगाळलेल्या रानात पाडू नये. मे महिन्यात तिथल्या भेगांतून गरम हवा खाली जाते आणि फरक कमी दिसतो. मुरमाड, दबलेली जागा चांगली. छिद्रावर फळी ठेवून ते झाकावे. दुपारी दोनला प्रयोगशाळेतला, 0 ते 110 अंशांचा थर्मामीटर दोरीने तळाशी सोडावा, पाच मिनिटे थांबावे आणि वर काढताच लगेच वाचावे. तोच थर्मामीटर मग वरच्या मातीत असा ठेवावा की फुगा मातीच्या पातळ थराखाली येईल. फुग्यावर थेट ऊन पडले तर मातीचे तापमान न मिळता उन्हाने तापलेल्या काचेचे मिळते. तापाचा थर्मामीटर इथे वापरू नये. तो 42 अंशांपर्यंतच असतो, वरच्या मातीत फुटू शकतो आणि पारा सांडला तर नवाच धोका. उन्हाळ्यात वर आणि खाली बहुधा 15 अंशांहून जास्त फरक मिळतो. मग मुलांना त्यांचेच आकडे घालून विचारावे:

प्रश्न 4. जमिनीवर ____ अंश आणि एक फूट खोल ____ अंश मिळाले. जर्ड उंदीर दुपार बिळात काढतो. त्यामुळे काय होते?
अ) त्याला रात्रीपेक्षा दुपारी जास्त दिसते.
ब) त्याच्या अंगातले पाणी कमी खर्च होते.
क) त्याला बिळात पाण्याचा झरा मिळतो.

'क' कुणी निवडले तर ती चूक समजण्यासारखी आहे. मराठवाड्यात जमिनीत खोल गेले की पाणी लागते, आड-विहिरी अशाच खणतात, म्हणून मुलाच्या मनात बिळाखाली पाणी असतेच. एक फुटाच्या बिळात झरा नसतो. बिळातली हवा मात्र बाहेरच्या हवेपेक्षा दमट असते, कारण उंदराच्या श्वासातला ओलावा तिथेच कोंडलेला राहतो.

प्रश्नमंजुषेत हमखास चुकणारा आणखी एक भाग म्हणजे 'अनुकूलन' म्हणजे काय, हा. पाठ्यपुस्तकातली भाषा आणि आपले बोलणे दोन्ही असे असते की प्राण्याने ठरवून स्वतःत बदल केला असे वाटते: उंटाने पाय रुंद केले, उंदराने रंग बदलला. मुले तेच धरून बसतात. त्यासाठी एक प्रश्न ठेवावा, पण पाचवीलाच:

प्रश्न 5. वाळूच्या भागातले बरेच उंदीर वाळूच्या रंगाचे असतात. असे का झाले असेल?
अ) वाळूत राहून राहून उंदराचा रंग वाळूसारखा झाला.
ब) उंदराने लपायचे ठरवून आपला रंग बदलून घेतला.
क) गडद उंदीर शिकाऱ्याला आधी दिसले, फिक्या रंगाचे वाचले आणि त्यांची पिल्लेही फिकी झाली.

इथे बरोबर पर्याय सगळ्यांत लांब आहे, म्हणजे वर सांगितलेला दोष याच प्रश्नात आहे. 'क' आखडून 'फिक्या रंगाचे वाचले, त्यांची पिल्लेही फिकी झाली' एवढाच ठेवला तर तो बाकीच्यांच्या मापात बसतो आणि शिकाऱ्याची गोष्ट उत्तरानंतर तोंडी सांगता येते. वर्गात 'अ' निवडणारी मुले बरीच असतात. उन्हात खेळून आपण काळवंडतो, हा त्यांचा अनुभव त्यामागे असतो. त्यांना विचारावे: उन्हाने काळवंडलेल्या आईचे बाळ काळवंडलेलेच जन्मते का? एवढ्या एका प्रश्नाने बरीच मुले थांबून विचार करतात.

'वरीलपैकी सर्व' हा पर्याय या वयाला टाळावा; दोन गोष्टी खऱ्या दिसल्या की मूल तिसरी न वाचता तो निवडते. 'खालीलपैकी कोणते नाही' हेही टाळावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची नजर 'नाही'वरून घसरते आणि उत्तर माहीत असून गुण जातो. चित्रे घालत असाल तर ती तपासा: थरचा उंट एका मदारीचा असतो, दोन मदारींचा उंट आपल्याकडे लडाखच्या नुब्रा खोऱ्यात, थंड वाळवंटात आहे. उंटाच्या मागे उंच फांद्यांचा निवडुंग काढू नका, तो अमेरिकेतला.

वाळवंट आणि दुष्काळ यांची गल्लत आपल्या भागात विशेष होते, ती वेगळ्या प्रश्नाने तपासावी. वर्षाला 250 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणाऱ्या भागाला सहसा वाळवंट म्हणतात. मराठवाड्यात सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हाही लातूर वाळवंट झाले नव्हते. पाऊस हुकला होता. मुलांना मोजकेच विचारावे: 'लातूरला टँकर लागतो, म्हणून लातूर वाळवंट आहे का?' पर्यायांत 'हो, कारण पाणी नाही' आणि 'नाही, कारण तिथे दरवर्षी सरासरी वाळवंटापेक्षा बराच जास्त पाऊस पडतो' असे ठेवावे. अशा दोनच पर्यायांच्या प्रश्नाचे उत्तर अंदाजानेही निम्म्यांना जमते, म्हणून गुण न देता चर्चेसाठी वापरावा.

चाचणी घेताना हात वर करायला लावू नये. हुशार मुलाचा हात वर गेला की शेजारच्यांचेही जातात आणि पर्यायवार मोजणीचा काही उपयोग उरत नाही. हजेरी क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या सर्वांत चांगल्या. कागद नसेल तर डोळे मिटून छातीजवळ एक, दोन किंवा तीन बोटे धरायला सांगावे आणि गुरुजींनी वहीत टिपून घ्यावे. दुसरीच्या मुलांना प्रश्न वाचून दाखवावा, नाहीतर चाचणी वाचनाची होते. आठ प्रश्नांना वीस मिनिटे पुरतात.

दोन-तीन आठवड्यांनी मदारीची समज टिकली की नाही ते पाहायचे, तर तोच प्रश्न पुन्हा विचारू नये. मुलांना 'ब' हे अक्षर लक्षात असते. प्राणी बदलावा. थरमध्ये सांडा नावाची जाड, काटेरी शेपटीची पाल आहे, वन्यजीव कायद्याने संरक्षित. जत्रेत 'सांड्याचे तेल' म्हणून विकतात ते तिच्या शेपटीतल्या चरबीचे, म्हणून नाव अनेक मुलांच्या कानावरून गेलेले असते. थंडीत ती बिळाचे तोंड बंद करून आत पडून राहते, काही खात नाही. हिवाळा संपल्यावर बाहेर आलेल्या सांड्याची शेपटी कशी असेल, असे विचारावे: पहिल्याइतकीच जाड, पहिल्यापेक्षा बारीक, की पाण्याने फुगलेली. वर सांगितलेल्या वर्गातल्या त्या 14 मुलांपैकी ज्यांनी आता 'बारीक' निवडले, त्यांना मदार कळली. 'पाण्याने फुगलेली' निवडणाऱ्यांबरोबर गाईच्या बरगड्यांचा प्रश्न पुन्हा घ्यावा, पण या वेळी समोर सांड्याचे चित्र ठेवून.